घासलेलं की घातलेलं

दिग्रसच्या आठवडी बाजारात सुखीबाई राठोडचं दुकान म्हणजे खाली ताडपत्री, वर सतरंजी आणि सतरंजीवर जीन्सचे दोन ढीग. सगळा माल जुना आणि मोठमोठ्या कंपन्यांचा. परदेशात कुणीतरी अंगावरून उतरवलेला, गठ्ठ्यात दाबून बांधलेला आणि कुठल्या कुठल्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत दिग्रसला पोचलेला. डावीकडचा ढीग घातलेल्यांचा, उजवीकडचा घासलेल्यांचा. मधे वीतभर सतरंजी मोकळी ठेवलेली असते. त्या मोकळ्या जागेवर एखाद्या गिऱ्हाइकानं पाय ठेवला तरी चालतं, पण उजवीकडची पँट डावीकडे टाकली की सुखीबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि मग शेजारचा मिरचीवालाही आपली तागडी खाली ठेवून ऐकत बसतो.

नवख्या गिऱ्हाइकाला दोन्ही ढीग सारखेच फाटके दिसतात. सुखीबाईला ते ऐकवत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं घालून, घाम गाळून, धुऊन धुऊन जी पँट विटली ती घातलेली. आणि कारखान्यातच पॉलिश पेपर मारून, दगडांबरोबर घुसळून, वरून औषध फवारून जिला नवी असतानाच म्हातारी केली ती घासलेली. घासलेली विकण्यात तिला काही वावगं वाटत नाही. कॉलेजातली पोरं तीच घेतात, आनंदानं घेतात. पण नागपूर-पुण्याकडे काही शौकीन माणसं आहेत, त्यांना जुनी म्हणजे खरोखरची जुनी पँट लागते. ते रंजिताच्या फोनवर फोटो मागवतात आणि खाली एवढंच विचारतात, ‘सुखीबाईंनी पाहिली का?’

रंजिता ही सुखीबाईची एकुलती एक मुलगी. फोटो काढणं, पार्सल बांधणं, गोड बोलणं ही खाती तिच्याकडे. गोड बोलणं सुखीबाईला जमत नाही आणि जमावं असं तिला कधी वाटलंही नाही. नवरा लालसिंग गठ्ठे उचलतो, सोडतो, बांधतो आणि उरलेल्या वेळात बायकोच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो.

ही विद्या ती शिकली कुठे, असं कुणी विचारलं की ती लालसिंगकडे बोट दाखवते. लालसिंग तरुणपणी ट्रक चालवायचा. त्याच्या पँटी धुता धुता तिच्या ध्यानात आलं की माणूस कपडा झिजवतो तो आपल्या धंद्याप्रमाणे. ब्रेक आणि रेसवर नाचणारा उजवा पाय, त्या पायाची खालची पट्टी टाचेमागून झिजलेली. विड्यांचा बंडल ज्या खिशात, तो खिसा बंडलाएवढाच पांढरा. “याच्या पँटीवरून मले समजे, का हा कोणत्या धाब्यावर जेवला,” ती सांगते. लालसिंग मान डोलावतो, पण ती कोणत्या धाब्याबद्दल बोलतेय ते मात्र कधी विचारत नाही.

तर अशा बाईच्या पोरीनं प्रेम करावं कुणावर? बादलवर. ढाणकीकडच्या तांड्यावरच्या फुलसिंग पवारचा हा मुलगा. दिसायला देखणा, बोलायला तरतरीत, बंजाऱ्यांच्या गोर बोलीत गाणं म्हणायला लागला की तांडा गोळा होईल असा गळा. सगळं उत्तम. फक्त त्याचा धंदा. मुंबईपलीकडच्या एका जीन्सच्या कारखान्यात तो पँटी घासायचा. नवी कोरी पँट हवेनं फुगवलेल्या रबरी पायांवर चढवायची आणि पॉलिश पेपरनं तिच्या मांड्या, तिचे गुडघे विटवायचे. दिवसाला ढिगानं.

रंजितानं घरी विषय काढला त्या दिवशी सुखीबाई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

“कोणाले? घासणाऱ्याले?”

“याडी, नोकरी हाये ते त्याची.” तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि रंजिता हा शब्द अशा वेळी जरा लांबवून म्हणायची.

“नोकरीले मी नावं नाही ठेवत. पण जो माणूस दिवसभर नव्याले जुनं बनवते, तो उद्या तुह्यासमोर काय काय बनवन, सांग बरं.”

“तू त्याले पाह्यलं तरी हाये का?”

“पाह्यची गरज नाही. त्याले म्हणा, एक वस्तू घेऊन ये. एकच. म्या ते डाव्या ढिगात टाकली, तं लग्न. नाही टाकली, तं तुह्या मामानं आणलेलं स्थळ.”

लालसिंगनं मान डोलावली. रंजितानं त्याच्याकडे असं पाहिलं की ती मान अर्ध्यावरच थांबली.

मामानं आणलेलं स्थळ पुसदचं होतं. मुलगा सज्जन, घर बरं, पण रंजिताला त्याचं नाव ऐकलं तरी जांभई यायची. तेव्हा जे काही व्हायचं होतं ते आता त्या एका वस्तूवर येऊन ठेपलं.

बादल खुशीत आला. घासणं हा तर त्याचा हातखंडा! पुढच्या रजेत तो एक जीन्स घेऊन बाजारात हजर. सुखीबाईला वाकून नमस्कार केला, तिच्या मांडीवर पँट ठेवली आणि अदबीनं उभा राहिला. सुखीबाईनं ती पुढून पाहिली. जांघेपासून निघालेल्या पांढऱ्या रेघा, मांजराच्या मिशांसारख्या पसरलेल्या. तिनं पँट उभी मधोमध दुमडली आणि डावा पाय उजव्यावर ठेवला. रेघेवर रेघ तंतोतंत बसली.

“हा माणूस आरशासमोर बसून झिजे का रे?”

“म्हणजे काकी?”

“अबे, कोणाचेच दोन पाय सारखे झिजत नाहीत. कोणी डाव्या खिशात फोन ठेवते, कोणी उजव्या पायावर भार देते. अन् हे पाह्य.” तिनं पँट उलटी केली. आतल्या खिशाचं कापड पांढरंशुभ्र, कडक. कंबरेच्या आतली चिठ्ठी कालच शिवल्यासारखी, एकेक अक्षर ठसठशीत. “बाहेरून दहा वर्षांचा म्हातारा, अन् आतून बारशाचा. हात कधी खिशात गेलाच नाही याचा.”

गुडघ्यावर एक भोक होतं. तिनं त्याच्या काठावरून नख फिरवलं. खरा गुडघा फाटतो तेव्हा आधी आजूबाजूचं कापड विरतं, निळे उभे धागे तुटत जातात आणि पांढरे आडवे धागे जाळीसारखे लोंबत राहतात. इथे भोकाच्या काठाला लागूनच कापड जाडजूड होतं.

“ब्लेड,” सुखीबाई म्हणाली आणि पँट उजव्या ढिगात गेली.

बादलचं तोंड एवढंसं झालं. मिरचीवाला मात्र खूश झाला, त्याचा त्या दिवशीचा बाजार वसूल झाला होता.

दुसऱ्या वेळी त्यानं बूट आणले. नामांकित कंपनीचे, चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे. चामड्यात आपण पटाईत नसू असं सुखीबाईलाही वाटत होतं, म्हणून ती जरा सावरून बसली. वरचं चामडं तडकलेलं, टाचा झिजलेल्या, नाडीसुद्धा मळकी. तिनं दोन्ही बुटांचे तळवे शेजारी शेजारी धरले. टाचा सरळ सपाट झिजलेल्या, जसा सुताराचा रंधा फिरावा. चालणारा माणूस टाच कडेनं झिजवतो, बहुतेक बाहेरच्या. मग तिनं आत हात घातला. आतला तळ गुळगुळीत. ना टाचेचा खड्डा, ना बोटांचे काळे ठसे. आणि जिथं पाऊल वाकतं तिथं चामड्याला आडवी घडीच नाही. चिरा होत्या त्या नडगीवर, जिथं बूट वाकायचं काही कारणच नव्हतं.

“या बुटात पाय गेला होता कधी?”

बादल बुटांकडे पाहू लागला.

“मशीनवर टाचा घासल्या?”

“हो, काकी.”

“खरं बोलला, हे बरं केलं,” सुखीबाई म्हणाली. पण बूट तिनं परत केले, आणि त्या वेळी रंजिता पार्सलच्या दोऱ्याला उगीचच गाठीवर गाठ मारत बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला दोऱ्याइतकी बारीक वस्तू पुरत नव्हती. सुखीबाईनं ते पाहिलं. तिलाही वाईट वाटलं, पण दिलेला शब्द मागे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

त्यानंतर बादल आलाच नाही. होळी झाली, दिवाळी झाली. कापसाचा एक हंगाम गेला, दुसरा सुरू झाला. पुसदचं स्थळ वाट पाहून पाहून दुसऱ्या मुलीकडे वळलं, तेव्हा मामानं नवं शोधलं. रंजिता रात्री फोनवर कुणाशी कुजबुजते हे सुखीबाईला माहीत होतं. विचारलं नाही. आपणच अट घातली, आता आपणच कान लावून बसायचं, हे तिला बरं दिसेना.

आणि एका बाजाराला, दुपारी गर्दी जरा ओसरली असताना, बादल आला. अंगानं उतरलेला, रंगानं तापलेला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पँट.

“काकी, हे अमेरिकेतली हाये. गठ्ठ्यात भेटली. तिथल्या एका शेतकऱ्याची. घाल घाल घातली त्यानं.”

“तुले त्यानं पत्र लिहिलं?”

“नाही, पण... दिसतेच ना.”

सुखीबाईनं पँट मांडीवर घेतली. बोट फिरवलं आणि तिचं बोट थांबलं. रंजितानं पार्सल बाजूला ठेवलं. लालसिंग गठ्ठ्यावरून उतरला.

मागच्या खिशावर एका मोठ्या कंपनीची लाल चिठ्ठी, कडा विसविशीत झालेल्या. मिशा होत्या, पण एका मांडीवर तीन ठळक आणि दुसरीवर दोन पुसट. जिथं घडीचा आतला भाग असतो तिथं निळा रंग अजून दाट, आणि पांढरा त्यात हळूहळू मिसळत गेलेला, कुठेही एकदम सुरू झालेला नाही. गुडघ्यामागे चुण्यांची जाळी, तीही माणसाच्या गुडघ्याच्या नेमकी मागे, वरखाली नाही. खालची पट्टी पिळवटलेली, मागच्या बाजूनं टाचेखाली येऊन येऊन कुरतडल्यासारखी झालेली आणि पुढून शाबूत. शिवणीचा दोराही कापडाबरोबरच विटलेला. तिनं उलटी केली. कंबरेच्या आत घामाचा पिवळट पट्टा. खिशाचं कापड मऊ, चोळामोळा झालेलं, तळाशी विरलेलं. चिठ्ठीवरची अक्षरं धुऊन धुऊन उडालेली, नुसती सावली उरलेली.

तिनं जीन्स दुमडली. उजवा पाय डाव्यावर बसेना. बसूच शकत नव्हता.

“घातलेलं हाये,” ती स्वतःशीच म्हणाली.

रंजितानं श्वास घेतला तो सोडलाच नाही. सुखीबाईचा हात डाव्या ढिगाकडे निघालाही होता. आणि मधल्या मोकळ्या सतरंजीवर येऊन थांबला.

पँटीच्या खालच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूला, घोट्याचं हाड येतं नेमकं तिथं, एक गोल पांढरा डाग होता. रुपयाएवढा. डाव्या पायावर ठळक, उजव्यावर पुसट. कापड तिथं इतकं विरलेलं की पलीकडचा अंगठा दिसत होता.

सुखीबाईनं डोकं वर केलं.

“काहून रे बादल, तुहा अमेरिकन मांडी घालून जेवे का?”

“अं?”

“तिकडची माणसं खुर्चीवर बसणारी. त्यांची पँट बुडाले झिजते, मांडीच्या मागून झिजते. घोट्याले नाही झिजत. घोटा जमिनीले घासते तो आपला. तुहा, माहा, याचा.” याचा म्हणजे लालसिंगचा. लालसिंगनं आपला घोटा पाहून घेतला.

बादलला घाम फुटला. पण हार मानेल तर तो बादल कसला.

“योगा करत असन, काकी. तिकडं लय करतात योगा.”

रंजिताला हसू फुटलं. सुखीबाई हसली नाही. तिनं खिशाचा तळ बाहेर ओढला आणि शिवणीच्या कोपऱ्यात नख घातलं. कापसाचं पांढरं गुंतवळ निघालं, त्यात सरकीचं काळं टरफल.

“योगा करतानी कापूस कायले लागते?”

“शेतकरी होता म्हटलं ना! तिकडं बी कापूस होते.”

“होते? बरं.” आता तिनं पुढच्या खिशावरचा तो लहानसा खिसा उलटवला, ज्यात नाणं ठेवतात म्हणे. शिवणीत तांबूस तपकिरी डाग बसलेला. तिनं तो नाकाजवळ नेला. “अन् अमेरिकेत तंबाखू-सुपारीचा खर्रा कोण घोटून देते, बापा?”

मिरचीवाल्यानं तागडी आपटून टाळी दिली. रंजिताचं हसू मात्र झटकन उतरलं आणि तिनं बादलकडे पाहिलं. ती नजर सुखीबाईच्या तपासणीपेक्षा कडक होती.

“सोडला! आईची आण, सोडला,” बादल तिलाच म्हणाला.

सुखीबाईनं पुन्हा वास घेतला. मग डाग नखानं खरवडला. नख कोरडं राहिलं. कितीतरी धुण्यांतून गेलेला, नुसता रंग उरलेला डाग होता तो. “सोडला दिसते,” ती म्हणाली. “वरून नवा नाही पडला.”

पँट सुखीबाईच्या मांडीवर होती आणि ती तिच्यावरून हात फिरवत होती, पण आता खोट शोधत नव्हती. खांद्यावर गाठोडं घेणाऱ्या माणसाचा एक पाय आधी पुढे पडतो, इथे तो उजवा, त्याचा गुडघा जास्त विरलेला. मागच्या डाव्या खिशावर कसलाच ठसा नाही, पाकिटाचाही नाही. उजव्यावर चौकोनी, फोनचा.

“हे तुही हाये,” सुखीबाई म्हणाली.

बादलनं मान खाली घातली.

“गठ्ठ्यात कोरी निघाली होती, काकी. एकदाबी न घातलेली. मले वाटलं, घासण्यात तं तुम्ही मले पकडताच. मंग म्हटलं घालूनच पाहू. तवापासून हेच घालून राह्यलो.”

“अन् कारखाना?”

“तो सोडला. धुरळा लय होता तिथं, छातीत बसे. आता उमरखेडकडं कापसाच्या जिनिंगमध्ये हाये. गाठी उचलतो.”

“मले मालूम होतं, याडी,” रंजिता हळूच म्हणाली. “तोच म्हणे, सांगू नको. हमाली करतो असं तुले कळलं, तं तू अजूनच नाही म्हणशील.”

सुखीबाईला राग आला. खरोखरचा आला. ही पोरं तिला काय समजतात? गाठी उचलणाऱ्याला ती नाही म्हणेल? तिचा बाप बैलांवर मिठाची पोती वाहणाऱ्यांच्या घरातला, नवरा ट्रकवाला, ती स्वतः गठ्ठ्यांवर जगणारी.

“अबे गाढवा,” ती म्हणाली, “इतकी खरी पँट घेऊन आला, अन् तोंडानं अमेरिका सांगून राह्यला? काहून? तुही पँट तुह्यापेक्षा खरं बोलते!”

“मले वाटलं, आपल्या तांड्यावरच्या माणसानं घातलेल्या पँटीले कोण विचारते,” बादल म्हणाला. “लोकं तं परदेशातलंच मागतात.”

लोक परदेशातलंच मागतात हे खरं होतं, आणि तिच्या डाव्या ढिगातसुद्धा दिग्रसच्या माणसाची एकही पँट नव्हती. हे तिच्या आजवर डोक्यात आलं नव्हतं. दिग्रसचा माणूस पँट विकत नाही, पार चिंधी होईस्तोवर घालतो आणि मग त्याच चिंधीनं गाडी पुसतो.

तिनं पँट त्या मोकळ्या सतरंजीवर, दोन ढिगांच्या मधे ठेवली.

“जेवला का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मंग बस.”

लालसिंगनं डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. बादल बसला. बसायला सांगितल्यावर माणूस जसा बसतो तसा, काही विचार न करता, मांडी घालून. सुखीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, पायांकडे पाहत होती. डावा पाय खाली गेला, उजवा वर आला. डाव्या पायाचा घोटा ताडपत्रीला टेकला, पँटीवर तो ठळक डाग होता नेमका तिथं. रोज असाच बसत असणार. याच पँटीत, जिनिंगच्या सावलीत, डबा पुढ्यात घेऊन, पोरीच्या आशेवर.

तिनं ठेचा त्याच्यापुढे सरकवला.

एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तरणा मुलगा, कानात फोनच्या तारा, केस उभे. त्यानं डावा ढीग चाळला, उजवा चाळला आणि मग त्याची नजर मधल्या पँटीवर गेली. त्यानं ती उचलली, उन्हात धरली, उलटसुलट केली. पारखी असावा.

“बाई, हे भारी हाये! एकदम ओरिजिनल. कोणत्या ढिगातली हाये हे? कितीले देता?”

रंजितानं आईकडे पाहिलं. बादलचा घास हातातच राहिला.

“ठेव खाली, बापा,” सुखीबाई म्हणाली आणि तिनं पोराच्या हातून पँट अलगद काढून घेतली. “विकाऊ नाही ते. आमच्या जावयाची हाये.”